छायाचित्रांवरून भाजल्याच्या वणाची अवस्था कशी ओळखावी

भाजलेली जखम भरून आली, खपली पडली आणि वर नवी त्वचा दिसू लागली, की घरच्यांच्या मनात दुसरा प्रश्न सुरू होतो. हा वण जाणार काय? गेला तर किती दिवसांनी? पूर्वी याचे उत्तर आठवणीच्या आधारे दिले जात असे. आता बहुतेक घरांत छायाचित्रे काढता येणारा मोबाइल आहे, आणि बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील सरहद्दीच्या गावांतही आईवडील मुलांच्या वणाची छायाचित्रे दर महिन्याला काढून ठेवताना दिसतात. या भागातील रुग्ण कधी बीदर किंवा कलबुर्गीच्या रुग्णालयात जातो, तर कधी नातेवाइकांच्या सोयीने उदगीर, लातूर किंवा सोलापूर गाठतो. एका ठिकाणचे कागद कानडीत, तर दुसऱ्या ठिकाणचे मराठीत असतात. छायाचित्राला मात्र भाषांतर लागत नाही. सहा महिन्यांची नीट काढलेली सहा चित्रे डॉक्टरांपुढे ठेवली, तर वण कोणत्या दिशेने चालला आहे ते त्यांना लवकर समजते.

अडचण एवढीच, की ही चित्रे बहुधा नीट काढलेली नसतात आणि ती वाचतानाही चूक होते. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे वणाची अवस्था त्याच्या काळेपणावरून ठरविणे. वण गडद दिसला की तो बिघडला आणि फिका दिसला की तो बरा झाला, असे मानले जाते. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेच्या बाबतीत हा निष्कर्ष अनेकदा उलटा ठरतो.

वण कसा पिकतो

त्वचेचा खालचा थर ज्या तंतूंनी विणलेला असतो, त्यांचा मुख्य घटक कोलॅजन हा आहे. खोल भाजल्यावर शरीर ही वीण पूर्वीसारखी करीत नाही. घाईने पसरलेल्या दाट तंतूंनी ते भगदाड बुजविते, आणि त्या कामासाठी त्या जागी असंख्य बारीक रक्तवाहिन्या उत्पन्न होतात. कोवळा वण लालसर, गरम, ताठ आणि खाजरा असतो त्याचे कारण हेच. पुढे ही घाईची वीण उसवून नवी, अधिक शिस्तीची वीण घातली जाते. रक्तवाहिन्या हळूहळू मिटतात, फुगवटा ओसरतो आणि ताठपणा कमी होतो. या फेरविणीस सर्वसाधारणपणे बारा ते अठरा महिने लागतात. मोठ्या भाजण्यात दोन वर्षेही लागतात. फेरवीण थांबल्यावर जो वण राहतो, तो पक्व वण. तो पुसला जात नाही. त्याचे फक्त बदलणे थांबलेले असते.

वण किती त्रास देईल याचा पहिला अंदाज जखम भरण्यास लागलेल्या काळावरून येतो. दोन आठवड्यांच्या आत भरलेल्या भाजण्याचा बहुधा केवळ रंगाचा डाग राहतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ उघडी राहिलेली जखम मात्र फुगीर वण धरण्याचा संभव फार असतो. म्हणून छायाचित्रांच्या मालिकेच्या आरंभी दोन तारखा अवश्य लिहाव्यात, एक भाजल्याची आणि दुसरी जखम पूर्ण मिटल्याची. पुष्कळ जण पहिलीच लिहितात.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घेतली, तर पुष्कळ घाबरगुंडी टळते. फुगीर वण जखम मिटल्यावर लगेच फुगत नाही. तो पहिले काही आठवडे सपाट व गुळगुळीत असतो आणि साधारणपणे दुसऱ्या महिन्यापासून वर येऊ लागतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत तो सर्वांत वाईट दिसतो आणि त्यानंतर उतरू लागतो. पहिल्या महिन्याचे चित्र पाहून समाधान मानणारे आणि चौथ्या महिन्याचे चित्र पाहून औषध चुकले असे म्हणणारे, दोघेही एकाच चढउताराची दोन टोके पाहत असतात.

लाली आणि काळेपणा वेगवेगळे

वणाच्या रंगात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक रक्ताची लाली आणि दुसरा त्वचेतील रंगद्रव्याचा तपकिरीपणा. वणाचे वय लालीवरून कळते, कारण ती जिवंत रक्तवाहिन्यांची खूण आहे. तपकिरीपणा ही इजेने चेतलेल्या रंगपेशींची खूण आहे आणि ती सपाट, पक्व, निरुपद्रवी वणावरही कित्येक महिने राहते. वरच्या थरातील रंगद्रव्य सहा महिने ते वर्षभरात उतरू शकते. खालच्या थरात झिरपलेले रंगद्रव्य निळसर राखी दिसते आणि वर्षानुवर्षे टिकते.

गोऱ्या त्वचेवर लाली उघड दिसते. आपल्याकडील त्वचेवर लाली आणि तपकिरी रंग एकमेकांत मिसळून जांभळट काळा रंग होतो आणि छायाचित्रात तो नुसता काळा उमटतो. कॅनडातील व्हँकुव्हर येथील जळीत उपचार करणाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेली, आणि नंतर जगभर वापरली गेलेली वण मोजण्याची पद्धत रक्तपुरवठा, रंगद्रव्य, लवचीकपणा आणि उंची या चार गोष्टींना गुण देते. तीत लालीच्या पायऱ्या गुलाबी, लाल व जांभळी अशा आहेत. सावळ्या त्वचेवर या पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करणे तज्ज्ञांनाही अवघड जाते, हा त्या पद्धतीवरील एक जुना आक्षेप आहे.

यावर उपाय साधा आहे. शाळेच्या कंपासपेटीतील पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी वणावर सपाट ठेवून हलकेच दाबावी. दाबामुळे रक्त बाजूला सरते व लाली नाहीशी होते. त्या क्षणी पट्टीखाली जो रंग उरतो, तो रंगद्रव्याचा. पट्टी उचलताच रंग झटकन परतला तर वणात रक्तवाहिन्या पुष्कळ आहेत, म्हणजे तो कोवळा आहे. दाबून व सोडूनही रंगात फरक पडत नसेल, तर वण कितीही काळा असो, त्याची लाली संपत आली आहे. दाबलेल्या स्थितीत एक आणि सोडल्याबरोबर एक अशी दोन चित्रे घ्यावीत. पट्टीवरील मिलिमीटरच्या खुणांमुळे मापही त्याच चित्रात येते. मापासाठी शेजारी नाणे ठेवण्याची रीत आहे, पण ती फसवी आहे. एक रुपयाचे जुने पोलादी नाणे २५ मिलिमीटरचे होते, तर २०११ पासूनचे सुमारे २२ मिलिमीटरचे आहे. त्वचा अजून ओली असेल, तिच्यावर फोड असतील किंवा ती चिरली असेल, तर मात्र पट्टी लावू नये.

चित्र कसे घ्यावे

दोन चित्रांची तुलना करायची असेल, तर त्यांत वणाखेरीज दुसरे काहीही बदललेले नसावे. हे म्हणण्यास सोपे व पाळण्यास कठीण आहे. सर्वांत जास्त दगा प्रकाश देतो. बीदरच्या परिसरात घराच्या व कुंपणाच्या भिंती जांभ्या दगडाच्या असतात. अशा भिंतीवर ऊन पडले, की तिचा तांबूस उजेड जवळच्या त्वचेवर पडतो आणि जुना वणही लाल दिसतो. याउलट कलबुर्गीकडील शहाबादी फरशीचा करडा रंग त्वचेचा रंग फारसा बिघडवीत नाही. चित्रासाठी पार्श्वभूमी म्हणून ती उत्तम आहे. पांढरे धोतर किंवा चादर खाली अंथरली, तर कॅमेरा आपोआप प्रकाश कमी घेतो व त्वचा काळवंडते. काळ्या घोंगडीवर हात ठेवला, तर तोच कॅमेरा प्रकाश वाढवितो व वण फिका दाखवितो. त्वचेत कोणताच बदल झालेला नसतानाही असे होते.

म्हणून ओसरीतील किंवा दारातील एक जागा ठरवावी. तेथे ऊन थेट येत नसावे, परंतु उजेड भरपूर असावा. वेळ सकाळची एकच ठेवावी. फ्लॅश बंद ठेवावा व चेहरा गोरा करण्याच्या ज्या सोयी मोबाइलमध्ये असतात त्या काढून टाकाव्यात. मोबाइल वणाला चिकटवू नये. फार जवळून मधला भाग फुगतो व कडा मागे जातात. सुमारे दीड फुटावरून समोरासमोर चित्र घ्यावे. वणाशेजारी कोऱ्या कागदाचा छोटा तुकडा ठेवावा आणि तोच तुकडा पाकिटात जपून दर वेळी वापरावा. पुढे चित्र पाहताना आधी कागद पाहावा. कागद पिवळा दिसला तर दिव्याचा उजेड होता, तांबूस दिसला तर भिंतीचा, आणि कागदाच्या कडा उजेडात हरवल्या असतील तर ऊन जास्त होते. अशा चित्रातील रंगावर विश्वास ठेवू नये.

समोरून घेतलेल्या चित्रात उंची दिसत नाही. त्यासाठी दुसरे चित्र घ्यावे, ज्यात उजेड एकाच बाजूने, खिडकीतून, तिरका येतो. वण उंचावलेला असेल तर त्याच्या पलीकडच्या कडेला सावली पडते. महिन्यामागून महिना ही सावली अरुंद होत गेली, तर वण बसत आहे असे समजावे. मात्र खिडकी आणि हाताची दिशा तीच ठेवली पाहिजे.

चित्रापूर्वी दहा मिनिटे मुलाला शांत बसवावे. खेळून आल्यावर, गरम पाण्याने आंघोळ केल्यावर किंवा हात खाली लोंबता ठेवल्यास कोवळा वण जांभळा होतो. खोबरेल तेल चोळल्यावर लगेच चित्र घेऊ नये, कारण चकाकीत सुरकुत्या व उंची लपतात. हळदीचा किंवा मेंदीचा अंश असेल, तर तो पूर्ण जाईपर्यंत थांबावे. हळद लावलेल्या वणाचे चित्र रंगाच्या दृष्टीने निकामी समजावे.

एक उदाहरण

बीदरजवळच्या एखाद्या गावातील आठ वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणू. डिसेंबरअखेर उकळते वरण तिच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूवर सांडले. जखम सव्विसाव्या दिवशी मिटली. तीन आठवड्यांची मर्यादा ओलांडली गेली, म्हणजे फुगीर वणाची शक्यता धरूनच चालले पाहिजे.

जानेवारीअखेरच्या पहिल्या चित्रात वण सपाट, पातळ, गुलाबी आहे व त्याच्या कडेला तपकिरी पट्टा आहे. हात सरळ होतो. घरचे लोक म्हणतात, थोडक्यात निभावले. फेब्रुवारीअखेर वण लालसर झाला, एक-दीड मिलिमीटर वर आला आणि मुलगी रात्री खाजवू लागली. हे अपेक्षेप्रमाणे आहे.

एप्रिलअखेरचे चित्र दुपारी अंगणात घेतले गेले. त्यात वण फिका व जवळजवळ सपाट दिसतो, आणि घरात समाधान पसरते. परंतु शेजारच्या कागदाच्या कडा उन्हात हरवल्या आहेत. वरून पडणाऱ्या कडक उन्हाने रंग धुऊन टाकला व सावलीही पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत तेच चित्र पुन्हा घेतले, तर वण जांभळट आहे, खिडकीच्या तिरक्या उजेडात त्याची रुंद सावली पडते, आणि पट्टीने दाबून सोडताच रंग क्षणात परततो. उंची तीन-चार मिलिमीटर. वण ऐन भरात आहे.

या चित्रात त्याहून महत्त्वाची गोष्ट कोणाच्याच लक्षात आलेली नाही. हात किंचित वाकलेला आहे. मुलीला जसा सोयीचा वाटला तसा तिने तो धरला आणि चित्र घेणाऱ्याचे लक्ष रंगाकडे होते. फेब्रुवारीच्या चित्राशेजारी हे चित्र ठेवले असता वणाची लांबी नऊ सेंटिमीटरवरून आठ झालेली दिसते, आणि घरी त्याचा अर्थ वण लहान झाला असा घेतला जातो. वास्तविक वण आखडला आहे. शाळेच्या कोनमापकाने पाहिले, तर पूर्ण सरळ होण्यास हात सुमारे वीस अंश कमी पडतो. सांध्यावरील कोवळा वण आपल्याकडे ओढून घेतो, आणि वाढत्या वयाच्या मुलात हाड वाढते पण वण तितका वाढत नाही, म्हणून ओढ अधिकच लागते. सांध्याजवळच्या वणाची म्हणूनच दर महिन्याला दोन जादा चित्रे हवीत, सांधा जास्तीत जास्त सरळ करून एक आणि जास्तीत जास्त वाकवून एक. ती बाजूने घ्यावीत, म्हणजे कोन मोजता येतो.

याच वेळी रुग्णालय गाठणे आवश्यक होते. कोवळ्या वणाला दाबपट्टा, सिलिकॉनची पातळ पट्टी, हात सरळ ठेवणारी खपाटी व व्यायाम यांनी वळण लावता येते. वण पक्व झाल्यावर या उपायांचा फारसा उपयोग होत नाही आणि आखडलेला सांधा सोडविण्यास शस्त्रक्रियाच उरते. समजा, मे महिन्यात हे उपाय सुरू झाले.

जुलैअखेरचे चित्र घरच्यांना पुन्हा निराश करते. वण आता एप्रिलपेक्षाही काळा दिसतो. पण बाहेर पावसाळी आभाळ आहे, कागदही करडा दिसतो, आणि मे महिन्यात मुलगी उघड्या हाताने उन्हात वावरली होती. कोवळा वण उन्हाने लवकर काळवंडतो. पट्टी दाबून सोडल्यावर रंग परतण्यास आता वेळ लागतो, सावली अरुंद झाली आहे, उंची दोन मिलिमीटर आहे, आणि घाम आला तरच खाज सुटते. हात सरळ होण्यास दहा अंश कमी पडतो. काळेपणा सोडून बाकी सर्व खुणा सुधारणेच्या आहेत. एप्रिलचे फिके चित्र वाईट अवस्थेचे होते आणि जुलैचे काळे चित्र चांगल्या अवस्थेचे आहे.

डिसेंबरअखेर कडा सपाट झाल्या असून मध्यभाग तपकिरी आहे. पुढच्या मे महिन्यात वण बहुतेक सपाट व मऊ आहे, दाबल्याने रंग बदलत नाही, खाज नाही. ऑगस्टचे चित्र मे महिन्याच्या चित्रासारखेच निघते. तीन महिन्यांच्या अंतराची दोन नीट घेतलेली चित्रे सारखी निघाली आणि लाली उरलेली नसली, तर वण पक्व झाला असे समजण्यास हरकत नाही. केवळ रूप सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर तिचा विचार बहुधा या अवस्थेनंतर होतो. सांधा, मान किंवा पापणी ओढली जात असेल, तर मात्र इतके थांबले जात नाही.

वण मधूनमधून पांढरट राहिल्यास गावात कोडाची शंका घेतली जाते, आणि मुलीच्या बाबतीत ती शंका फार लवकर पसरते. भाजल्याच्या जागीच राहिलेला व वणाच्या कडांपुरताच मर्यादित पांढरटपणा हा रंगपेशी जळाल्याचा परिणाम असतो. त्यात रंग परतू लागला, तर तो कडेकडून आणि केसांच्या मुळांशी बारीक ठिपक्यांच्या रूपाने येतो; जवळून घेतलेल्या चित्रांत हे ठिपके मोजता येतात. डाग भाजल्याच्या जागेबाहेर उमटला किंवा न भाजलेल्या जागी बधिरपणा आला, तर तो विषय निराळा आहे व त्याची तपासणी डॉक्टरांकडूनच व्हावी. बधिरपणा छायाचित्रात येत नाही.

मालिका वाचताना

चित्रे क्रमाने लावून पाहिली, की डोळा आपोआप सुधारणा शोधतो. यावर एक युक्ती आहे. तारखा झाकून चित्रे पत्त्यांसारखी मिसळावीत आणि दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता, ती कोवळ्यापासून पक्वापर्यंत लावावीत. दोघांचा क्रम जुळला व तो खऱ्या तारखांशीही जुळला, तर बदल खरा आहे. जुळला नाही, तर एक तर चित्रे नीट घेतलेली नाहीत किंवा बदल अजून सांगण्याजोगा नाही. शाळेतील शिक्षक किंवा आरोग्यसेविका यांना हे दहा मिनिटांत करता येते.

चार गोष्टींपैकी लवचीकपणा हा चित्रांत कधीच येत नाही; तो बोटांनी चिमटीत धरूनच कळतो. खाज आणि वेदना रुग्णालाच विचाराव्या लागतात. म्हणून प्रत्येक चित्रामागे तारीख, खाज किती, वण मऊ की ताठ आणि सांधा किती सरळ होतो, एवढे चार शब्दांत लिहून ठेवावे.

मालिकेत दोन खुणा अशा आहेत, की त्या दिसल्यावर पुढच्या महिन्याच्या चित्राची वाट पाहू नये. पहिली, वण जुन्या जखमेची कड ओलांडून निरोगी त्वचेवर पसरणे. फुगीर वण जखमेच्या हद्दीत राहतो व कालांतराने बसतो. हद्द ओलांडणारा केलॉइड असतो, तो आपोआप बसत नाही आणि नुसता कापून काढल्यास पुष्कळदा अधिक मोठा होऊन परततो. पहिल्या चित्रातील तपकिरी कड येथे उपयोगी पडते, कारण हद्द कोठे होती ते तीच दाखविते. दुसरी खूण वर्षांनंतरची आहे. दहा-वीस वर्षांचा शांत वण एखाद्या जागी फुटला आणि ती जखम कित्येक आठवडे मिटेना, तर तेथे कर्करोग उद्भवलेला असू शकतो. अशा जखमेचा तुकडा काढून तपासावा लागतो. जुनी व नवी चित्रे फक्त ती कधी फुटली एवढेच सांगू शकतात.